मास्तरांचा घाम परत आला

मास्तर माझ्यासमोर बसून वही उघडून दाखवत होते. डिचोली तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत ते शिकवतात. वय ४१, टाइप वन मधुमेह १९ वर्षांपासून. वहीत पट्टीने आखलेले रकाने, अक्षर मोत्यासारखं. सकाळची उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली साखर, इन्सुलिनचे युनिट, सगळं तारीखवार. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ६.२. ते एकेक पान उलटून समजावत असताना आमच्या सिस्टरने त्यांचं बोट टोचलं. मीटरवर आकडा आला ४९.

"मशीन चुकतंय डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मला काहीच होत नाही."

हात साबणाने धुवायला लावून दुसऱ्या बोटातून परत घेतली. ४७. मास्तरांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता, हात थरथरत नव्हते, नाडी ७४. मी म्हटलं, "मास्तर, शंभरातून सात वजा करत जा बघू." ते म्हणाले, "त्र्याण्णव... शहाऐंशी..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "शहाऐंशी." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. वर्गातल्या मुलांकडून रोज पाढे म्हणवून घेणारा माणूस. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. "घरी असंच होतं," एवढंच ती बोलली.

तीन चमचे ग्लुकोज पावडर अर्धा पेला पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी साखर ८४. तोच प्रश्न परत विचारला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, एका दमात. मी मघाशी हेच विचारलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण '४९ असूनही मला काही होत नाही' हे वाक्य पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. शरीराला सवय झाली, आता लो, म्हणजे फार खाली उतरलेली साखर, सोसते, असा त्यांचा समज असतो. सोसत काहीच नाही. मेंदू तेवढाच उपाशी राहतो, फक्त ओरडणारा गप्प झालेला असतो. मास्तरांचं नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत.

ते माझ्याकडे आले ते पंधरा दिवसांपूर्वीच्या एका पहाटेमुळे. चार वाजता बायकोला जाग आली ती त्यांच्या घुरघुरण्याने. हलवलं तर उठेनात, दात आवळलेले. तिने साखरेचं पाणी तोंडात घालायचा विचार केला होता, पण सासूने अडवलं, आणि बरं झालं अडवलं. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. त्यांना कुशीवर वळवून १०८ला फोन केला. रुग्णवाहिकेत मोजलेली साखर ३१. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत मास्तर डोळे उघडून विचारू लागले, एवढी माणसं का जमलीत.

मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो अशा प्रत्येकाला विचारायला हवा: साखर उतरायला लागली की तुम्हाला कळतं का? १ म्हणजे दर वेळी कळतं, ७ म्हणजे कधीच कळत नाही. ४ किंवा जास्त उत्तर आलं तर जाणीव कमी झाली आहे असं धरायचं. मास्तर म्हणाले ३. बायको म्हणाली ६. अशा वेळी मी घरच्या माणसाचा आकडा खरा धरतो. तिच्याकडे खुणाही होत्या. साखर उतरली की ते प्रत्येक गोष्टीला 'होय, होय' म्हणतात. घडी घातलेला सदरा उलगडून पुन्हा घडी घालतात. भजनात पेटी वाजवताना एकाच सुरावर बोट तसंच राहतं, आणि मृदंगवाला त्यांच्याकडे बघायला लागतो.

आता हे होतं कसं. निरोगी माणसाची साखर ८०च्या आसपास घसरली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. ७०च्या जवळ आली की साखर वाढवणारं ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन सुटतं, यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं. तरी उतरतच राहिली तर ५५च्या आगेमागे घाम, थरथर, धडधड आणि कडकडून भूक. त्याच्याही खाली गेली की मेंदूचं काम बिघडतं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी घंटा, मग गोंधळ. म्हणून माणूस शुद्धीत असतानाच उठून काहीतरी खातो.

टाइप वनमध्ये पहिली फळी नसतेच, कारण सुईने टोचलेलं इन्सुलिन आत गेल्यावर परत घेता येत नाही. दुसरी, ग्लुकागॉनची, आजार सुरू झाल्यावर काही वर्षांतच साखर उतरण्याला प्रतिसाद देणं सोडते. उरतं अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्याबरोबरची घंटा. साखर वारंवार उतरत राहिली की तीही उशिरा वाजते. ५५ऐवजी ५०ला, मग ४५ला, आणि शेवटी क्रमच उलटा होतो. गोंधळ आधी येतो आणि घंटा नंतर, किंवा येतच नाही. आणि गोंधळलेल्या माणसाला 'मी गोंधळलोय' हे कळावं कसं?

याला किती वेळ लागतो, तर एक लो पुरते. अमेरिकेत सेंट लुईसच्या फिलिप क्रायर आणि सायमन हेलर यांनी १९९१मध्ये मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांची साखर दुपारी मुद्दाम उतरवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उतरवली. सकाळी त्यांचं अ‍ॅड्रेनलिन कमी सुटलं आणि लक्षणंही बोथट झाली. निरोगी माणसांचं एका दिवसात एवढं होतं. मास्तरांच्या साखरेने तर रोज रात्री डुबकी मारली होती, आणि आम्हाला दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता, कारण वहीत पहाटे तीनचा रकानाच नव्हता.

पूर्वी याचं खापर मधुमेहाने खराब झालेल्या नसांवर फोडलं जायचं. मास्तरांनाही कुणीतरी सांगितलं होतं की १९ वर्षं झाली, नसा गेल्या, आता घाम यायचा नाही. पण हाच माणूस पोफळीच्या कुळागरातली चढण चढून आला की घामाघूम होतो. घाम येण्याची यंत्रणा शाबूत होती, तिला साद घालणारं कुणी उरलं नव्हतं. हा फरक मी त्यांना मुद्दाम सांगितला. नसा गेल्या असतील तर माणूस हात टेकतो. घंटा दबली असेल तर ती मोकळी करता येते.

बाकीच्या शक्यता तपासून घेतल्या. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर नाही, तो धडधड आणि थरथर झाकतो. किडनी ठीक. दारू नाही. मार्च-एप्रिलात आमच्याकडे हा प्रश्न मी प्रत्येकाला थेट विचारतो, कारण काजूची हुर्राक रिकाम्या पोटी घेतली की यकृत नवी साखर बनवणं थांबवतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साखर कोसळते.

मग दंडावर सतत साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावला. त्याच्या अहवालात दिवसातला १३ टक्के वेळ साखर ७०च्या खाली होती, म्हणजे रोजचे तीन तास. ५४च्या खाली ५ टक्के. हे अनुक्रमे ४ टक्के आणि १ टक्क्याच्या आत राहायला हवं. बहुतेक खड्डे रात्री दोन ते पाचमध्ये आणि काही संध्याकाळी. त्या १४ दिवसांत मास्तरांना स्वतःला जाणवलेले लो होते दोन.

सेन्सरबाबत एक सावधगिरी. झोपेत त्याच दंडावर वजन आलं की आकडा खोटाच खाली दिसतो. मास्तर डाव्या कुशीवर झोपतात आणि सेन्सरही डावीकडेच होता. म्हणून तीन रात्री बायकोने पहाटे तीनला बोट टोचून ताडून पाहिलं: ५६, ६१, ४८. खड्डे खरे होते. तीनही वेळा ते झोपलेलेच होते. गाढ झोपेत अ‍ॅड्रेनलिनचा प्रतिसाद तसाही मंद असतो, त्यात हे.

कारणं दोन सापडली. पहिलं वहीतच होतं, फक्त तसं वाचलेलं नव्हतं. जेवणानंतर दोन तासांनी १९० दिसली की मास्तर चार युनिट जादा टोचायचे. ते घेत होते ते रेग्युलर इन्सुलिन. त्याचा जोर दोन ते चार तासांनी असतो आणि परिणाम सहा-आठ तास रेंगाळतो. भजनाहून येऊन साडेनऊला जेवण, त्याचा डोस. साडेअकराला १९०, वर चार युनिट. पहिल्या डोसाचं काम अर्धवट असतानाच दुसरा त्याच्या डोक्यावर. दोघांचा मिळून जोर येतो तो मध्यरात्रीनंतर, जेव्हा पोटातला भात संपलेला असतो.

दुसरं कारण हाताला लागलं. बेंबीच्या डावीकडे सपाट तळवा फिरवला तर कातडीखाली रबरासारखी, लिंबाएवढी गाठ. मास्तर म्हणाले, "तिथे टोचलं की दुखत नाही ना." एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की चरबीची अशी गाठ होते आणि तिच्यातून इन्सुलिन कधी मुंगीच्या पावलाने तर कधी एकदम झिरपतं. यात एक मेख आहे, ती न सांगता 'जागा बदला' म्हणणं धोक्याचं. गाठीतून अर्धंमुर्धं शोषलं जाणारं इन्सुलिन निरोगी कातडीतून पूर्ण शोषलं जातं. तोच डोस नव्या जागी टोचला तर साखर धाडकन उतरते. जागा बदलायची तर त्याच दिवशी डोस कमी करायचा.

उपाय एका वाक्यात सांगण्यासारखा होता आणि पाळायला फार कठीण: तीन आठवडे साखर एकदाही ७०च्या खाली जाऊ द्यायची नाही. १९९३-९४च्या सुमारास इटलीतल्या पेरुजियामध्ये आणि लंडनमध्ये हेच करून पाहिलं गेलं होतं. लो कटाक्षाने टाळले तर वर्षानुवर्षं हरवलेली लक्षणं काही आठवड्यांपासून महिन्यांत परत येतात, हे तिथे दिसलं. बारीकसारीक लोही चालत नाहीत. ६५ म्हणजे काय मोठं, असं वाटतं, पण घंटा बोथट करायला तेवढंही हातभार लावतं.

रात्रीचं ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, २० युनिटवरून १६ केलं. रेग्युलर बंद करून जेवायला बसताना घ्यायचं जलद इन्सुलिन दिलं, आणि सकाळ-दुपार-रात्र ८-९-९ युनिटऐवजी ६-८-६. एका डोसानंतर चार तास जादा डोस नाही. झोपताना तर नाहीच, अगदी २२० दिसली तरी. झोपताना १४०च्या खाली असेल तर दोन-तीन बिस्किटं आणि पेलाभर दूध. सेन्सरचा गजर ७०ला नाही, ८५ला. कारण सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, आणि ७०ला वाजून उपयोग काय, तिथे तर पोचायचंच नाही. स्कूटरची किल्ली बायकोकडे. बोट टोचून ९०च्या वर दिसल्याशिवाय मिळणार नाही. हे आकडे मास्तरांच्या ५८ किलो वजनाला आणि त्यांच्या जेवणाला बेतलेले आहेत, दुसऱ्या कुणी उचलायचे नाहीत.

मास्तरांनी वही मिटली. "म्हणजे मी १९ वर्षं सांभाळलेली साखर आता वाढवायची?" त्यांचा आवाज बसला होता. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला होता. वाढलेल्या साखरेची भीती त्या घरात उतरलेल्या साखरेपेक्षा कितीतरी जुनी. मी सांगितलं, पाय जातो तो वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने, तीन आठवड्यांच्या १८०ने नाही. आणि ६.२ हा आकडा रोजच्या तीन तासांच्या खड्ड्यांसकटची सरासरी आहे. खड्डे बुजवले की सरासरी थोडी वर येणारच, ती बिघडली म्हणून नाही.

पहिले चार दिवस वाईट गेले. १९०, २१५, २०५. रात्री दहाला फोन: "डॉक्टर, फक्त दोन युनिट?" मी नाही म्हणायचो. पाचव्या दिवशी मी नुसता आकडा न विचारता सेन्सरवरच्या बाणाची दिशा, म्हणजे साखर चढतेय की उतरतेय, विचारायला लागलो. २०५ होती, पण बाण खाली होता. दीड तासाने १५०. त्यांनी दोन युनिट घेतले असते तर ती कुठे गेली असती, हे त्यांनी स्वतःच वहीत मांडून पाहिलं. त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.

सहाव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. दुपारी शीत-कढी जेवून, पूर्ण डोस घेऊन, ते तासाभराने कुळागरातल्या पाटाचं पाणी वळवायला गेले. खाली-वर चार खेपा. सेन्सर ६३, बोट ६४, आणि काहीही जाणवलं नाही. मी त्यांना दिवस पुन्हा एकपासून मोजायला लावले. कठोर वाटलं त्यांना. पण श्रमाने उतरलेली साखरही घंटा तशीच दाबते, वर श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. तेव्हापासून कुळागरात जायचं असेल त्या दिवशी दुपारचा डोस ८ ऐवजी ५, आणि खिशात ग्लुकोजची पुडी. आधी ते पेढा ठेवायचे. पेढ्यातलं तूप साखरेला पोटातून लवकर पुढे जाऊ देत नाही, म्हणून लो असताना पेढा कामाचा नाही.

नव्याने मोजायला लागल्यानंतरच्या १९व्या दिवशी शाळेतून फोन आला. तास चालू असताना मास्तर मला कधी फोन करत नाहीत.

"डॉक्टर, मला काहीतरी होतंय."

चौथीच्या वर्गात भागाकार चालला होता. फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटला. उचलायला वाकले तर हात कापतायत. ओठांना मुंग्या, छातीत धडधड, मानेवरून घामाची धार शर्टात. त्यांना वाटलं हृदयाचा झटका. खुर्चीत बसून मुलांना गप्प राहायला सांगितलं, मीटर काढलं, साखर ५९. ग्लुकोज पाण्यात घालून प्यायले आणि मग मला फोन लावला. मी विचारलं, फळ्यावर कोणतं गणित होतं? "आठशे शेहेचाळीस भागिले सहा," त्यांनी लगेच सांगितलं. "एकशे एक्केचाळीस." घंटा ५९ला वाजली होती आणि डोकं शाबूत होतं. क्रम सुलटा झाला होता. तो लो आम्हाला नको होता, डोस आणि डबा यांचा मेळ चुकला होता, पण मला ५९ ऐकून आनंद झाला हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. ते म्हणाले, "ही थरथर मी सात-आठ वर्षांत अनुभवली नव्हती. विसरलोच होतो कशी असते."

पुढच्या सेन्सरमध्ये ७०च्या खालचा वेळ २ टक्के, ५४च्या खाली शून्य. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.०. सहाच्या घरातून सातवर आल्याचं त्यांना अजून थोडं लागतं. माझ्या मते त्यांच्यासाठी हा सात आधीच्या ६.२पेक्षा चांगला आहे.

परत आलेली घंटा पुन्हा जाऊही शकते, ते गणेश चवथीला दिसलं. माटोळी बांधण्यात सकाळ गेली, आरती लांबली, नैवेद्य व्हायला अडीच वाजले. मास्तरांनी मात्र सवयीने साडेबाराला इन्सुलिन टोचलं होतं. दीडला साखर ४६, बहिणीने ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ६२ असताना त्यांना काही जाणवलं नाही. तेव्हा घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही, एवढं आधीच ठरलेलं होतं. त्या दिवसापासून दहा दिवस सगळे आकडे पुन्हा वर ठेवले, झोपताना १५०. अकराव्या दिवशी ६०ला हात कापायला लागले. आता सणाला ताट समोर आल्यावरच सुई, हा त्यांच्या घरातला नियम आहे आणि तो आई पाळायला लावते.

सगळं मात्र परत आलेलं नाही. लक्षणं जेवढी परततात तेवढा अ‍ॅड्रेनलिनचा प्रतिसाद पूर्ण परततोच असं नाही, म्हणून साखर स्वतःहून सावरेल यावर मी त्यांना विसंबू देत नाही. झोपेतही त्यांना अजून जाग येत नाही. त्यामुळे रात्रीचा गजर ८५लाच आहे आणि मोबाइल बायकोच्या उशाशी. श्रावणातल्या भजनाच्या रात्री ते ग्लार्जिन दोन युनिट कमी घेतात, पेटीवर ग्लुकोजची पुडी ठेवतात, आणि मृदंगवाल्याला सांगून ठेवलंय: बोट एका सुरावर राहिलं तर मैफल थांबव.